‘पंप पाणी ओढंना’ : आपल्या हातच्या कामातून पहिला धंदा कसा शोधायचा

मित्रांनो, गंगाखेडजवळच्या माझ्या गावात आज मी फवारणी पंपांच्या दुरुस्तीचं दुकान चालवतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना हे काम सुरू केलं. तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून बऱ्याच गोष्टी उलट्या क्रमानं केल्या. आधी दुकानाचं नाव ठरवलं, मग कार्ड छापली आणि सगळ्यात शेवटी विचारलं की लोकांना माझ्याकडून नेमकं काय हवं आहे. तुमचे ते महिने वाया जाऊ नयेत म्हणून आज माझं एकच उदाहरण पायरीपायरीनं सांगतो. तुमचं कौशल्य वेगळं असेल, शिवण असेल, वायरिंग असेल, हिशेब असेल. पंपाच्या जागी तुमचं काम ठेवून ऐका.

१. तीस दिवस एक वही ठेवा

‘मला काय येतं?’ असं स्वतःला विचारलं की उत्तर नीट येत नाही. मी विचारलं तेव्हा कागदावर ‘इलेक्ट्रॉनिक्सची आवड’ असं लिहिलं गेलं, आणि आवडीतून धंद्याचा पत्ता लागला नाही. दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे : लोक माझ्याकडे काय घेऊन येतात?

चुलतभावाच्या टीव्ही-रेडिओच्या दुकानात सुट्टीत बसून मी सोल्डरिंग शिकलो होतो. ते गावात माहीत होतं. त्यामुळे कुणी ना कुणी दारात येऊन उभं राहायचं, मी काम करून द्यायचो, चहा व्हायचा आणि विषय संपायचा. जून-जुलैत मी ३० दिवस प्रत्येक माणसाची नोंद ठेवली. प्रत्येक ओळीत चार गोष्टी होत्या : कोण आलं, काय घेऊन आलं, माझ्याआधी कुठं गेलं होतं, आणि काम झालं नाही तर त्याचं काय अडणार होतं.

महिन्याअखेर ३४ नोंदी झाल्या. मोबाइलची कामं १३, म्हणजे फॉर्म भरणं, फोटो काढून घेणं, अडकलेलं अ‍ॅप चालू करणं. बॅटरीवरचे फवारणी पंप ११, पंखे आणि घरातली वायरिंग ६, किरकोळ ४.

चौथा रकाना भरायला लाज वाटते, कारण त्यासाठी समोरच्याला थेट विचारावं लागतं. तरी विचारा. पंप घेऊन आलेल्या एका काकांना मी विचारलं, तर ते म्हणाले, “आरं, आभाळ उघडलंय दोन दिस. गडी सांगून ठिवलाय. पंप पाणी ओढंना अन् सोयाबीनवर अळी पडायलीय. तालुक्याला टाकला तर चार दिस लागतेत.” माझा धंदा या चार वाक्यांत होता. मला ते ओळखायला अजून पंधरा दिवस लागले.

२. नोंदींना तीन प्रश्न विचारा

सगळ्यात जास्त नोंदी ज्या कामाच्या तेच निवडायचं, ही पहिली चूक. माझ्या वहीत मोबाइल पहिला होता. मी प्रत्येक कामाला हे तीन प्रश्न लावले.

पहिला : आज काम झालं नाही तर या माणसाचं मोजता येईल असं नुकसान होतं का? 
दुसरा : याच कामासाठी तो आत्ता कुणाला तरी पैसे देतो का? 
तिसरा : हे काम उद्या दुसऱ्या माणसासाठी, नव्यानं काही न शिकता, मला करता येईल का?

मोबाइलची कामं दुसऱ्या प्रश्नात अडकली. फॉर्म भरून देणं लोकांना शेजारधर्म वाटतो, आणि पैसे देणाऱ्यांसाठी गावात आधीच दुकानं होती. वायरिंग तिसऱ्या प्रश्नात अडकली. प्रत्येक घर वेगळं, शिवाय धोक्याचं काम, आणि माझ्याकडे त्याचं रीतसर शिक्षण नव्हतं. पंप तिन्हीत बसला. फवारणी हुकली तर पीक जातं, तालुक्याच्या दुकानात लोक पैसे देतच होते, आणि हे पंप आतून जवळपास सारखे असतात.

मघाशी एका ताईंनी विचारलं, “आमची आजी पोत्यावर सोयाबीनची उगवण तपासते, मलाही येतं. त्याचा धंदा होईल का?” प्रश्न चांगला आहे, म्हणून इथंच सोडवू. गोणपाट ओलं करायचं, त्यावर न निवडता घेतलेले १०० दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, ओल टिकवायची आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं. पहिल्या प्रश्नाला ही तपासणी पैकीच्या पैकी गुण घेते, कारण बी उगवलं नाही तर दुबार पेरणी. पण दुसऱ्या प्रश्नाला तिला उत्तर नाही. हे घरी फुकट करता येतं, कृषी खातंही तेच शिकवतं. त्यामुळे नुसत्या तपासणीचे पैसे मिळतील असं मला वाटत नाही. पण ताई, वही ठेवा. तपासणीला येणारी माणसं त्याच बोलण्यात आणखी काय मागतात ते लिहा. बी चाळून हवं आहे का, बीजप्रक्रिया करून हवी आहे का. पैसे द्यायची तयारी बहुधा त्या पुढच्या कामात दिसेल.

३. काम अजून बारीक करा

‘पंप दुरुस्ती’ हे अजून फार मोठं आहे. ११ पंपांत नेमकं काय बिघडलं होतं ते मी वहीतून काढलं. बॅटरी बसलेली ४, वायर, स्विच किंवा चार्जिंगची पिन तुटलेली ३, जाळी-नोझल तुंबलेले २, पंपाचा पडदा फाटलेला १, मोटर जळालेली १.

पहिल्या तीन प्रकारांत ९ पंप येतात, आणि ते मी घरच्या ओट्यावर करू शकत होतो. पडद्यासाठी पंपाचा आख्खा संच बदलावा लागतो, तो तालुक्याहून आणावा लागे. जळालेली मोटर मला जमत नव्हती. मग मी ठरवलं की मोटरीला पहिल्याच भेटीत नाही म्हणायचं. आठ दिवस ठेवून घेऊन मग नाही म्हटलं, तर तो शेतकरी तुमच्याकडे परत येत नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

शेवटी वहीत एक ओळ लिहिली : ‘सकाळी पंप द्या, उद्या सकाळी शेतात न्या. मोटर सोडून.’ माझी पहिली कल्पना ही. सोल्डरिंग येणारी मुलं तालुक्यात पुष्कळ होती. शेतकरी पैसे मोजत होता ते वाचलेल्या तीन दिवसांचे.

४. हत्यारं जमवा आणि तपासाचा क्रम पाठ करा

कर्ज काढून सुरुवात करू नका. मला लागलेलं सामान आणि तेव्हा पडलेला खर्च असा होता :

- मल्टिमीटर : ३५० रुपये
- सोल्डरिंगची इस्त्री : २५० रुपये
- सोल्डर तार आणि पेस्ट : १०० रुपये
- स्क्रू ड्रायव्हर संच : १५० रुपये
- फ्यूज, पाइपच्या क्लिपा, टेप : १५० रुपये
- रबरी हातमोजे : १०० रुपये

एकूण ११०० रुपये. नवीन बॅटऱ्या मी भरून ठेवल्या नाहीत. मी फक्त निदान करून द्यायचो, बॅटरी शेतकरी स्वतः आणायचा. त्यामुळे माझे पैसे मालात अडकले नाहीत.

तपास नेहमी एकाच क्रमानं करा : बॅटरी, वायर, जाळी, पंप. मी सुरुवातीला जे दिसेल ते उघडायचो आणि तासभर घालवायचो.

बॅटरी बहुतेक पंपांत १२ व्होल्टची, बंद डब्यातली शिशाची असते. रात्रभर चार्ज करा, काढून तासभर ठेवा, मग मल्टिमीटर लावा. चांगली बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते. इथंच फसायला होतं. खराब बॅटरीही मोकळी असताना १२.७ दाखवू शकते. म्हणून टाकीत साधं पाणी भरून मोटर पाच मिनिटं चालवा आणि मीटरची टोकं बॅटरीलाच धरून ठेवा. आकडा १२ च्या जवळ टिकला तर बॅटरी ठीक. भराभर घसरून १०.५ च्या खाली गेला तर ती संपली. चार्जरचा हिरवा दिवा लागला म्हणून बॅटरी चांगली आहे असं समजू नका.

बॅटरी ठीक असून मोटर गप्प असेल तर स्विच, फ्यूज आणि चार्जिंगच्या पिनेजवळचे टाके बघा. औषध गळून तिथं हिरवट गंज चढतो. मोटर आवाज करते पण पाणी येत नाही, तर टाकीच्या तळाची जाळी तुंबलेली असते, किंवा ओढणाऱ्या पाइपची क्लिप सैल होऊन हवा शिरते, किंवा भुकटीचं औषध सुकून पंपाची झडप चिकटलेली असते. नळीची मूठ बंद केली तरी मोटर थांबून थांबून चालू होत राहिली, तर कुठंतरी गळती आहे किंवा दाबावर चालणारा स्विच बिघडला आहे.

आता सुरक्षेचं. हे घाईत ऐकू नका. पंपात विष भरलेलं असतं. २०१७ मध्ये नांदेड-हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली. पंप हातात घेण्याआधी शेवटचं औषध कोणतं मारलं ते विचारा. टाकी तीनदा धुऊनच आणायला सांगा, आणि ते पाणी विहिरीपाशी किंवा ओढ्यात न टाकता ज्या पिकावर फवारणी झाली त्याच रानात टाकायला सांगा. हातमोजे घाला, पोरं आणि जनावरांचा चारा लांब ठेवा. तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकायची आपल्याकडे सवय आहे. मीही दोनदा फुंकलं, आणि संध्याकाळपर्यंत डोकं गरगरत होतं. जुना दातांचा ब्रश आणि पाणी वापरा.

५. दहा पंप पैसे घेऊन करा, आणि तास मोजा

‘छान आहे कल्पना’ असं सगळेच म्हणतात. कल्पना खरी की खोटी हे पैसे हातात पडल्यावर कळतं. म्हणून पहिले दहा पंप पैसे घेऊनच करा. माझे पहिले दहा असे गेले : सात पंपांचे १५० रुपयांप्रमाणे १०५०, दोन नुसत्या सफाईचे १०० प्रमाणे २००, आणि एक पंप दुसऱ्या दिवशी परत आला, तो फुकट केला. मजुरी झाली १२५० रुपये. सामान १८० आणि तालुक्याला दोन फेऱ्यांचं पेट्रोल १२० वजा जाता ९५० उरले. मी खूश होतो.

मग तास मोजले. ते भरले १३. म्हणजे तासाला ७३ रुपये. आणि खरी गोष्ट अजून पुढं होती : १२५० पैकी ४०० रुपये उधार होते. रोख आलेल्या ८५० मधून ३०० खर्च काढला तर ५५० उरतात, म्हणजे तासाला ४२ रुपये. तेव्हा आमच्या गावात खुरपायला जाणाऱ्या बाईला आठ तासांचे ४०० मिळायचे, म्हणजे तासाला ५०. कॉलेज शिकलेला, हत्यारं घेऊन बसलेला मी त्यापेक्षा कमी कमवत होतो.

हा हिशेब बघून कौशल्यावरचा विश्वास उडू देऊ नका. तास कुठं गेले ते शोधा. माझे पाच तास दोन गोष्टींत गेले होते : औषधानं माखलेल्या टाक्या मीच धूत होतो, आणि दुरुस्त झालेला पंप घरपोच देत होतो. दोन्ही गोष्टी कुणी मागितल्या नव्हत्या. पुढच्या दहा पंपांना मी दोन अटी घातल्या. टाकी धुतलेली हवी, आणि सकाळी आठच्या आत मारुतीच्या पारापाशी आणून द्यायची, तिथूनच न्यायची. दुसऱ्या दहाला ७ तास लागले. मजुरी १४०० झाली, त्यातले १२५० रोख आले, खर्च २५० झाला. उरलेले १००० सातात वाटले तर तासाला १४३ रुपये येतात. तुमचंही पहिल्या आणि दुसऱ्या दहाचं गणित असंच शेजारी शेजारी मांडा. दुसऱ्या दहातही आकडा गावच्या मजुरीच्या वर गेला नाही, तर वहीतलं दुसरं काम उचला.

६. उधारीचं आधीच बोला

“रास झाली की देतो” हे वाक्य आपल्याकडे खोटेपणानं कुणी म्हणत नाही. शेतकऱ्याच्या हातात जुलैमध्ये पैसा खरंच नसतो. बी, खत, औषध यांतच तो गेलेला असतो. पण तुमच्या सोल्डर तारेचे पैसे दुकानदार जुलैतच मागतो. पहिल्या वर्षी माझी उधारी ऑक्टोबरपर्यंत ६२०० रुपयांवर गेली आणि त्यातले निम्मे दिवाळीनंतर आले. काही कधीच आले नाहीत. भावकीत मागायला जीभ उचलत नव्हती.

मी पुढं असं केलं. तपासणीचे ३० रुपये पंप हातात घेतानाच घ्यायचे. पंप दुरुस्त झाला तर ते मजुरीतून वजा. यानं दोन कामं होतात : नुसतं बघून घ्यायला येणारे कमी होतात, आणि पैशाचा विषय पहिल्या मिनिटाला निघालेला असल्यानं शेवटी संकोच राहत नाही. ज्याला खरोखरच जमणार नाही त्याचं नाव, रक्कम आणि तारीख त्याच्यासमोर वहीत लिहायची. एका घरी एकाच पंपाची उधारी, दुसरा पंप रोखीनं. चुलत्यालाही मी हेच सांगितलं. ते चार दिवस बोलले नाहीत, मग रोख देऊन गेले.

७. कागदपत्रं आता काढा, आधी नको

मी मुद्दाम ही पायरी मागं ठेवली आहे. पहिल्या वीस पंपांपर्यंत वही सोडून कसलाही कागद लागला नाही. काम टिकतंय असं दिसलं की हे करा :

- मोबाइल नंबर जोडलेलं आधार, पॅन आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं.
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद. udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर ती होते आणि पूर्ण फुकट आहे. ही पद्धत १ जुलै २०२० पासून सुरू आहे. मला एका माणसानं यासाठी १५०० रुपये मागितले होते. कुणालाही देऊ नका.
- गाळा घेतलात तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली कळवावं लागतं. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात कामगार थोडेच असतील तर ऑनलाइन सूचना देणं पुरतं.

जी.एस.टी.ची भीती बरेच जण घालतात. दुरुस्तीसारख्या सेवेला आपल्या राज्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही.

एक सापळा मात्र मोठा आहे. पंपाला येणारा शेतकरी औषधही मागतो, आणि चार बाटल्या ठेवाव्यात असा मोह होतो. परवान्याशिवाय कीटकनाशक विकणं गुन्हा आहे, आणि परवान्यासाठी ठरावीक शिक्षण लागतं. मी एकही बाटली ठेवली नाही. बॅटऱ्या विकायला लागल्यावर जुन्या बॅटऱ्याही साठवून ठेवल्या नाहीत. त्यात शिसं आणि आम्ल असतं. त्या न फोडता नव्या बॅटरीच्या विक्रेत्याला परत द्या, मोडीचे पैसेही मिळतात.

८. हंगाम संपल्यावर काय, याचं उत्तर आधीच शोधा

पंपाचा धंदा जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पळतो. कापसामुळे थोडा लांबतो, हरभऱ्यावर घाटे अळी आली की हिवाळ्यात चार पंप येतात. बाकी महिने ओटा रिकामा. पहिल्या वर्षी मी फेब्रुवारीत हे काम सोडायच्या बेतात होतो. हातात वेळ होता म्हणून वही पुन्हा काढली आणि बॅटरीच्या नोंदी वाचत बसलो.

त्यात एक गोष्ट दिसली. बसलेल्या बॅटऱ्या जवळपास सगळ्या जून-जुलैत आल्या होत्या, आणि त्यांतल्या काही तर आदल्या वर्षीच घेतलेल्या होत्या. म्हणजे त्या वापरून झिजल्या नव्हत्या. शेवटची फवारणी झाली की शेतकरी पंप तसाच, अर्धा उतरलेल्या बॅटरीसह, माळ्यावर टाकतो. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत सात-आठ महिने पडली की आतल्या पट्ट्यांवर कडक थर धरतो, आणि मग ती चार्ज घेत नाही. पूर्ण चार्ज करून ठेवली आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा भरली, तर हा प्रकार बराचसा टळतो.

पण ‘दर दोन महिन्यांनी’ असं सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. मी वर्षभर सांगून बघितलं. मग बोलता बोलता आईनं सणांवर बोट ठेवलं. आता पंप परत देताना टाकीवर एक चिठ्ठी चिकटवतो : ‘दिवाळीला भरा, येळवसला भरा, होळीला भरा, अक्षय तृतीयेला भरा.’ ज्यांना घरी जमत नाही ते बॅटरी माझ्याकडे ठेवतात, चारही वेळचं चार्जिंग आणि मे महिन्यातली तपासणी मिळून ८० रुपये घेतो, तेही दिवाळीला, म्हणजे रास झाल्यावर, हातात पैसा असताना. पहिल्या वर्षी २३ बॅटऱ्या आल्या. त्यांतल्या २१ बॅटऱ्या जूनमध्ये पाण्यावर पाच मिनिटं चालवल्या तरी १२ च्या जवळ टिकल्या.